पोह्यांवरचं लिंबू, बाजूचा चहा आणि लोहाचा हिशेब

प्रश्न: मी ३६ वर्षांची, पूर्ण शाकाहारी. मुलुंडला राहते, फोर्टला नोकरी. हिमोग्लोबिन १०.१ आलंय. रोज पोह्यांवर लिंबू पिळते, पालेभाजी खाते, तरी वाढत नाही. नाश्त्याबरोबर चहा लागतोच, पण लिंबाने ते भरून निघतं ना? डॉक्टरांनी लोहाची आणि कॅल्शियमची अशा दोन गोळ्या दिल्यात. विसरायला नको म्हणून दोन्ही नाश्त्यानंतर एकदमच घेते. चालेल ना?

उत्तर: भरून निघत नाही. आणि दोन्ही गोळ्या एकदम घेऊ नका, हे आजपासूनच बदला. चहा मात्र सोडायची गरज नाही, फक्त त्याची वेळ हलवायची आहे. मी बावीस वर्षं मुंबईत आहारतज्ज्ञ म्हणून काम करते आहे. या तीन गोष्टींची नुसती वेळ बदलल्यावर रिपोर्ट सुधारलेल्या बायका मी बऱ्याच पाहिल्या आहेत, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आधी एक घरगुती गोष्ट आठवून पाहा. गंज धरलेल्या लोखंडी तव्यावर चहा सांडला की निळसर काळा डाग पडतो आणि घासून लवकर जात नाही. आवळा लोखंडी कढईत शिजवला की काळा पडतो, तेही त्याच जातीचं. चहातलं टॅनिन लोहाला घट्ट धरतं आणि दोघांचा मिळून एक काळा, न विरघळणारा पदार्थ होतो. पूर्वी लिहायची काळी शाई याच तत्त्वावर करत. तुम्ही पोह्यांचा घास घेता आणि वर चहाचा घोट घेता, तेव्हा पोटात हेच घडतं. लोह टॅनिनला बांधलं गेलं की ते आतड्याच्या भिंतीतून आत शिरत नाही, सरळ बाहेर पडतं.

हे वनस्पतीजन्य अन्नाच्याच बाबतीत इतकं का होतं? मांस-मासळीतलं बरंचसं लोह एका रेणूच्या आत बंदिस्त असतं आणि तसंच्या तसं आत ओढलं जातं, त्यामुळे चहा त्याला फारसा हात लावू शकत नाही. डाळ, तांदूळ, भाजी यांतलं लोह मात्र जठराच्या आम्लात विरघळून मोकळं होतं. लहान आतड्याच्या सुरुवातीच्या वीतभर भागात त्याला भिंत ओलांडायची असते, आणि ती ओलांडण्याआधी त्याचं फेरिक रूप बदलून फेरस व्हावं लागतं. या मोकळ्या अवस्थेत त्याच ताटातलं जे समोर येईल त्याच्याशी ते जोडलं जातं. टॅनिन भेटलं तर अडकतं. धान्य-कडधान्यातलं फायटेट भेटलं तरी अडकतं. क जीवनसत्त्व भेटलं तर ते त्याला फेरस रूपात आणतं आणि विरघळलेलं ठेवतं. म्हणजे काय खाल्लं याच्याइतकंच ते कशाबरोबर खाल्लं हेही महत्त्वाचं. आणि ही सगळी झटापट एका जेवणापुरती असते. रात्री खाल्लेला पेरू सकाळच्या पोह्यांना मदत करत नाही.

आता तुमचीच बशी घेऊ. एका माणसाच्या नाश्त्याला साधारण ६० ग्रॅम कोरडे पोहे लागतात. पोह्यांत लोह भरपूर असतं हे आपण लहानपणापासून ऐकतो, त्याला कारण जुने तक्ते. त्यांत १०० ग्रॅम पोह्यांत २० मिलिग्रॅम लोह छापलेलं असे. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०१७ मध्ये नवे तक्ते काढले, त्यांत तोच आकडा साडेचारच्या आसपास आहे. म्हणजे तुमच्या बशीत पोह्यांचं पावणेतीन मिलिग्रॅम, मूठभर शेंगदाणे आणि कोथिंबीर धरून तीन-सव्वातीन. त्यातलं शरीरात किती जातं? अशा जेवणातून साधारण पाच टक्के धरू. तुमच्यासारख्या लोह कमी असलेल्या बाईचं शरीर याहून जास्त ओढून घेतं, पण हिशेबापुरतं पाच टक्के ठीक आहे. तीनचे पाच टक्के म्हणजे ०.१५ मिलिग्रॅम. पाळी सुरू असलेल्या बाईच्या शरीरातून रोज सरासरी दीड मिलिग्रॅमच्या आसपास लोह जातं. चहा नसेल तर त्याचा दहावा हिस्सा या एका बशीतून भरून निघतो.

चहा आला की काय होतं, हे आपल्याच देशात मोजलेलं आहे. बंगळुरूमध्ये तरुण स्त्रियांना भाताचं जेवण देऊन केलेला एक अभ्यास २००८ साली प्रसिद्ध झाला. जेवणाबरोबर एक कप चहा दिला तेव्हा शोषलं जाणारं लोह जवळपास निम्म्यावर आलं, दोन कप दिले तेव्हा सुमारे एक-तृतीयांशच उरलं. ज्यांच्या अंगात मुळात लोह कमी होतं त्यांच्यातही घट जवळपास इतकीच होती. शरीराला गरज आहे म्हणून चहा सवलत देत नाही. तुमच्या ०.१५ चे झाले ०.०७.

दुधाचा चहा आहे म्हणजे टॅनिन दुधाला चिकटून निकामी होत असेल, असं मला पुष्कळजणी विचारतात. मोजून पाहिलं तेव्हा दूध घातल्याने फारसा फरक पडला नाही. आपण तर पावडर पाण्यात खळखळ उकळतो आणि कडक चहाचं कौतुक करतो, त्यामुळे टॅनिन भरपूर उतरतं. आलं किंवा गवती चहा घातल्याने ते कमी होत नाही. ग्रीन टी त्याच पानांचा असतो, कॉफीही शोषण कमी करते, फक्त चहापेक्षा थोडं कमी.

आता लिंबू. इथे माझं मत जरा नकोसं वाटेल, कारण आपण लिंबावर फार विसंबतो. क जीवनसत्त्वाचा परिणाम खरा आहे आणि मोठा आहे. त्याच बंगळुरूच्या अभ्यासात जेवणात ते पुरेसं घातल्यावर शोषण तिपटीच्याही वर गेलं. प्रश्न 'पुरेसं' या शब्दाचा आहे. साधा नियम असा की जेवणातल्या प्रत्येक मिलिग्रॅम लोहामागे निदान सहा मिलिग्रॅम क जीवनसत्त्व हवं, आणि फायटेट जास्त असेल तर त्याच्या दुप्पट. तुमच्या बशीत तीन मिलिग्रॅम लोह आहे, म्हणजे अठरा ते छत्तीस मिलिग्रॅम लागणार. बशीच्या कडेला जी लिंबाची फोड असते, तिच्यातून चमचाभर रस निघतो आणि त्यात जेमतेम दोन मिलिग्रॅम क जीवनसत्त्व असतं. अख्खं कागदी लिंबू पिळलंत तरी आठ-दहा. लिंबातल्या सायट्रिक आम्लाचीही थोडी मदत होते, म्हणून ती फोड वाया जाते असं मी म्हणणार नाही. पण ती चहाला पुरून उरेल, हे होत नाही. एका पाहणीत १०० मिलिग्रॅम टॅनिनचा परिणाम पुसायला ५० मिलिग्रॅम किंवा त्याहून जास्त क जीवनसत्त्व लागलं होतं. एका कडक कपात टॅनिनच्या जातीची द्रव्यं त्याहून कमी नसतात. पन्नास मिलिग्रॅम म्हणजे पाच लिंबं, आणि तीही एका बशीवर.

शिवाय लिंबू कधी पिळता ते पाहा. कढईत, गॅस चालू असताना पिळून वर झाकण ठेवून वाफ आणली, तर त्या दोन मिलिग्रॅममधलंही काही उष्णतेने जातं. गॅस बंद करून, बशीत वाढल्यावर पिळा. डब्यात न्यायचं असेल तर फोड वेगळी न्या आणि खाताना पिळा.

खरा उपाय लिंबाच्या शेजारच्या टोपलीत आहे. मुलुंड स्टेशनबाहेर हिवाळ्यात तिखट-मीठ लावून पेरू विकायला बसलेले असतात ना, त्यातला अर्धा मध्यम पेरू, साठेक ग्रॅमचा, तुम्हाला शंभराच्या वर मिलिग्रॅम देतो. एक मोठा आवळा किसून वर घातलात तरी साधारण तेवढंच. पेरू नसेल त्या दिवसांत पपईच्या चार फोडी, संत्रं, मोसंबं किंवा कच्च्या ढोबळी मिरचीचे काप. दक्षिण आफ्रिकेत भारतीय वंशाच्या २३४ स्त्रियांना भाताबरोबर वेगवेगळी फळं देऊन हेच तपासलं होतं. तो अभ्यास १९८७ सालचा. पेरू आणि पपई वरच्या रांगेत आल्या, सफरचंद आणि द्राक्षं तळाला राहिली. फळ नाश्त्यासोबतच खायचं, अकरा वाजता नाही. पोह्यांबरोबर अर्धा पेरू आणि चहा नाही, असं केलंत तर ०.१५ चे ०.४ किंवा ०.४५ होऊ शकतात. पोहे तेच, चहा कपात होता तेव्हाच्या सहापट. एका जेवणावरून काढलेला हा आकडा महिनोन्महिन्यांच्या मिश्र आहारात इतका ठळक राहत नाही, फरक बराच सौम्य होतो. तरी दिशा तीच राहते, आणि तुमच्यासारख्या शाकाहारी बाईला तो फरकही हवाच आहे.

म्हणून चहा कुठे ठेवायचा ते सांगते. अन्नाच्या आधी तासभर घेतलेला चहा फारसं बिघडवत नाही. खाल्ल्यावर लगेच घेतलेला जवळजवळ बरोबर घेतल्यासारखाच असतो, कारण अन्न अजून पोटातच असतं. खाल्ल्यानंतर तासाभराने घेतला तर नुकसान बरंच कमी होतं, पण पूर्ण जात नाही. म्हणून मी नाश्ता-जेवणानंतर दीड-दोन तास सांगते. भारतीय वैद्यक संशोधन परिषदेच्या २०२४ च्या आहार मार्गदर्शिकेतही जेवणाच्या आधी आणि नंतर निदान एक तास चहा-कॉफी टाळा असं म्हटलं आहे. चार वाजता ऑफिसात नुसत्या बिस्किटाबरोबर घेतलेल्या कटिंगने लोहाचं काही अडत नाही, कारण त्या बिस्किटात अडवण्यासारखं लोहच नाही. तो खुशाल घ्या. मात्र डबा खाऊन झाल्या झाल्या सगळ्यांबरोबर खाली टपरीवर जाता, तो चहा बंद. तो पालेभाजीच्या मुळावर येतो. सोबत म्हणून जायचं असेल तर जा, पण तुमचा कप चारला घ्या.

कॅल्शियमचं प्रकरण वेगळं आहे. ते लोहाला शाईसारखं बांधत नाही, आतड्याच्या भिंतीतून आत जाण्याच्या वाटेवरच अडथळा करतं, आणि म्हणून मांसाहारातलं लोहही त्याच्यातून सुटत नाही. जेवणात ४० मिलिग्रॅमपर्यंत कॅल्शियम असेल तर काही फरक पडत नाही. पुढे जसं वाढेल तसं शोषण कमी होत जातं आणि ३०० मिलिग्रॅमच्या आसपास घट निम्म्याच्याही वर जाते. तुमची गोळी ५०० मिलिग्रॅमची असणार. नाश्त्यावर ती म्हणजे पोह्यांतल्या लोहावर आणि लोहाच्या गोळीवर एकदमच घाव. वर चहा होताच.

याच कारणासाठी पालक पनीरला मी लोहाचा पदार्थ म्हणत नाही. शंभर ग्रॅम पनीरमध्ये चारपाचशे मिलिग्रॅम कॅल्शियम असतं आणि पालकातलं लोह मुळातच सहज हाती लागणारं नाही. पनीर आवडीने खा, पण त्या दिवशी लोहाची भर मटकीच्या उसळीतून घाला. उसळ मोड आलेली असावी. मोड येताना फायटेट कमी होतं आणि थोडं क जीवनसत्त्वही तयार होतं.

तरीही दूध-दही सोडू नका, हे मी मुद्दाम सांगते. काही जणी हे वाचून ताक बंद करतात आणि पुढे हाडांचं दुखणं घेऊन येतात. तुम्हाला दिवसाला १००० मिलिग्रॅम कॅल्शियम लागतंच. शिवाय लोकांना सहा महिने रोज १२०० मिलिग्रॅम कॅल्शियम गोळ्यांतून जेवणाबरोबर देऊन पाहिलं, तेव्हा त्यांचे लोहाचे साठे घटले नाहीत. शरीर काही काळात जुळवून घेतं. पण ती माणसं लोहाने भरलेली होती. तुमच्याकडे जुळवून घ्यायला शिल्लक नाही. त्यामुळे जेवणातल्या दोन चमचे दह्याची चिंता करू नका, वाटीभर दही, ग्लासभर दूध आणि कॅल्शियमची गोळी मात्र ज्या जेवणात लोह जास्त आहे त्याच्यापासून लांब ठेवा.

गोळ्यांचं कोष्टक कसं बसवायचं, ते एका बाईंच्या उदाहरणाने सांगते. परळच्या चाळीत राहणाऱ्या, शाळेत शिकवणाऱ्या. हिमोग्लोबिन ९.६, आणि अंगातला लोहाचा साठा दाखवणारं फेरिटिन ७. तीन महिने रोज गोळी घेत होत्या, तरी आकडा हलत नव्हता. मी दिवस लिहून आणायला सांगितला तेव्हा दिसलं की सकाळी सात वाजता चहा-चपातीबरोबर लोहाची आणि कॅल्शियमची गोळी, म्हणजे तुमच्यासारखंच. त्यांच्याकडे पाणी पहाटे साडेपाचला येतं आणि त्या भरायला उठतातच. म्हणून लोहाची गोळी पिंपाजवळच ठेवायला सांगितली. नळ सुरू झाला की गोळी, वर साधं पाणी. पहिला चहा पावणेसातला. नाश्ता आठच्या पुढे, अर्ध्या फळाबरोबर, चहाशिवाय. कॅल्शियमची गोळी रात्रीच्या जेवणानंतर, कारण कॅल्शियम कार्बोनेट अन्नाबरोबर चांगलं शोषलं जातं आणि त्यांच्या रात्रीच्या भातात लोह तसंही कमी. गोळी तीच, डोस तोच. सहा आठवड्यांनी हिमोग्लोबिन १०.९ झालं, तीन महिन्यांनी १२ ला टेकलं. पहिल्या आठवड्यात त्यांना रिकाम्या पोटी मळमळ झाली, तेव्हा गोळीआधी अर्धं केळं खायला सांगितलं. केळ्याने शोषण जरा कमी होतं, पण गोळी बंद पडण्यापेक्षा ते परवडतं. शौच काळी झाली म्हणून त्या घाबरून फोन करत होत्या. लोहाची गोळी चालू असताना हे व्हायचंच.

गोळीवर लिंबूपाणी घेऊ का, हे तुम्ही पुढे विचारालच. घेतलंत तर बिघडत नाही, पण त्यासाठी अडून बसू नका. गोळीतलं लोह बहुधा आधीच फेरस रूपात असतं. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या चीनमधल्या एका चाचणीत निम्म्या रुग्णांना गोळीबरोबर क जीवनसत्त्व दिलं आणि निम्म्यांना दिलं नाही, तरी दोघांचं हिमोग्लोबिन सारखंच वाढलं. क जीवनसत्त्वाची खरी गरज ताटातल्या लोहाला आहे.

तुमच्यासाठी म्हणून असं लिहून ठेवा: उठल्यावर लोहाची गोळी पाण्याबरोबर, तासाभराने चहा, त्यानंतर निदान तासाभराने पोहे आणि पेरू. गाडी पकडायच्या घाईत तेवढं अंतर जमत नसेल तर सकाळचा चहाच ऑफिसात दहा-साडेदहाला न्या. डब्यात पालेभाजी किंवा उसळ, वर खाताना लिंबू आणि सोबत कच्ची कोबी-टोमॅटोची कोशिंबीर, दह्याऐवजी नुसती फोडणी घातलेली. कॅल्शियम रात्री. पित्तासाठी रोज गोळी घेत असाल तर डॉक्टरांना सांगा, जठरातलं आम्ल कमी झालं की वनस्पतीतलं लोह नीट विरघळतच नाही.

एवढं करूनही सहा आठवड्यांत हिमोग्लोबिन निदान एकाने वाढलं नाही, तर चहाला दोष देत बसू नका. नुसतं हिमोग्लोबिन पुन्हा पुन्हा न करता फेरिटिन आणि एमसीव्ही, म्हणजे तांबड्या पेशींचं सरासरी आकारमान, पाहा. फेरिटिन १५ च्या खाली असेल तर साठा रिकामा आहे. मग पाळीत किती जातं ते डॉक्टरांना खरं खरं सांगा. दोन तासांत पॅड बदलावं लागत असेल, तर तिथून जाणारं लोह कुठलाही पेरू भरून काढणार नाही. फेरिटिन चांगलं आणि एमसीव्ही मात्र बरंच कमी असेल, तर थॅलेसेमिया मायनर या आनुवंशिक रक्तदोषासाठी एचपीएलसी ही रक्ततपासणी करून घ्या. मुंबईत हे प्रमाण दुर्लक्ष करण्याजोगं नाही, आणि अशा माणसाला लोह कमी नसताना वर्षानुवर्षं लोहाच्या गोळ्या दिल्या जातात. एमसीव्ही उलट वाढलेला आला तर बी-१२ तपासा, शाकाहारी लोकांत ते वारंवार कमी असतं. पुढच्या रिपोर्टला हिमोग्लोबिन, फेरिटिन आणि एमसीव्ही हे तिन्ही आकडे घेऊन या, मग गोळी किती दिवस चालू ठेवायची ते ठरवता येईल. हिमोग्लोबिन १२ झालं तरी साठा भरायला त्यापुढे साधारण तीन महिने ती घ्यावी लागते.